परत पाठवण्याआधी



ज्या उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्या नागपुरात आहे, त्याच न्यायालयापुढे १९९४ साली मुंबईत एका इराणी माणसाचं प्रकरण आलं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने त्याला निर्वासित मानलं होतं, तरी हद्दपारीची टांगती तलवार होतीच. न्यायालयाने सांगितलं, याला इराणला धाडण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला हव्या त्या देशात जाऊ द्या.

या आदेशात परत न पाठवण्याचं तत्त्व नेमकं दिसतं. जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे माणसाला परत ढकलायचं नाही, एवढीच त्याची मागणी. इथे कायमचं राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. १९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम ३३ मध्ये हे आहे, देशाच्या सुरक्षेचा अपवादही आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. म्हणून आपल्याकडे आधार घ्यायचा तो संविधानाच्या कलम २१ चा. ते परक्यालाही लागू आहे. गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दोन इराकी तरुणांच्या प्रकरणात तोच आधार घेतला.

मग ८ एप्रिल २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. जम्मूत अडकवून ठेवलेल्या रोहिंग्यांचं ते प्रकरण, आणि पीठावर आपल्या नागपूरचे तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे. कलम २१ सर्वांना आहे. पण हद्दपार न होण्याचा हक्क कलम १९ मधल्या वास्तव्याच्या हक्काला जोडलेला, म्हणजे फक्त नागरिकांचा, असं न्यायालय म्हणालं. मला हे पटत नाही. मुंबईच्या त्या माणसाला इथे राहू द्या असं तिथल्या न्यायालयाने म्हटलंच नव्हतं, फक्त इराणला धाडू नका म्हटलं होतं. अर्थात आदेश अंतरिम होता, आणि विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय हद्दपारी नको, हेही त्यात आहे.

आज कायद्याची पदवी घेणाऱ्यांनो, तुमचं काम त्या कार्यपद्धतीतच आहे. वैध व्हिसाशिवाय पकडलेल्या परदेशी माणसाची शिक्षा संपत आली की त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव लिहिलेला फॉर्म त्याच्याच देशाच्या दूतावासाकडे जातो. दूतावासाने नागरिकत्व मान्य केलं की प्रवासाचा कागद येतो. व्हिसा संपूनही राहिलेल्या पर्यटकासाठी हे ठीकच. पण ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळाला, त्याच सरकारच्या हाती यातून त्याचा ठावठिकाणा आणि मागे राहिलेल्या आईवडिलांचा पत्ता पडतो. तेव्हा तुरुंगात भेटायला गेलात की आधी विचारा, फॉर्म गेला का? तू का पळालास, हे तुला कोणी विचारलं का? निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्ली कार्यालयात नोंद आहे का? नसेल तर अर्ज त्याच आठवड्यात करा, आणि रिट याचिका शिक्षा संपण्याआधी दाखल करा.

विमानतळावर एवढीही सवड नसते. इमिग्रेशनच्या खिडकीवरून प्रवेश नाकारला की विमान कंपनीलाच त्या माणसाला परत न्यावं लागतं, आणि पुढचं विमान कधीकधी काही तासांत असतं. वकिलाला फोन करायला मिळाला, तरच तत्त्वाचा उपयोग. तो फोन तुम्हाला आला, तर त्याला परत पाठवू नये असा लेखी अर्ज आधी इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या हाती पोचवा. न्यायालय उघडेपर्यंत विमान थांबणार नाही.