हलकं झटपट, जड सावकाश: स्नायूच्या आत काय चालतं?

आजचा प्रश्न साधा आहे. रिकामा हात आपण झटक्यात वर करतो, पण जड डंबेल कितीही जीव काढला तरी हळूहळूच वर येतो. असं का?

इंजिनिअरिंग केलेला माणूस लगेच न्यूटन काढतो: वस्तुमान जास्त, म्हणून त्वरण कमी. मीही बीटेकवालाच. हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. समजा डंबेल एकसारख्या वेगाने वर चाललाय. मग त्वरण शून्य. वेग कितीही असो, हाताला फक्त त्या वजनाइतकाच जोर लावायचाय. तरीही जड डंबेल वेग घेत नाही. म्हणजे खरी गोम स्नायूतच आहे: तो जितक्या वेगाने आखडतो, तितका त्याचा जोर कमी पडतो.

१९३८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ए. व्ही. हिल यांनी बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून या नात्याचं समीकरण मांडलं. त्याचं सोपं रूप असं:

```
v = (1 - f) / (1 + 4f)
```

इथे f म्हणजे स्नायू जास्तीत जास्त जेवढा भार जागच्या जागी धरू शकतो, त्याचा कितवा भाग आपण दिलाय. v म्हणजे बिनभाराच्या वेगाचा कितवा भाग उरला. तो ४ हा आकडा स्नायूप्रमाणे बदलतो, पण अंदाजाला चालेल.

आता गणित करू. समजा तुम्ही कोपर काटकोनात ठेवून २० किलो कसेबसे धरू शकता. बिनभाराचा वेग १०० धरा, आणि हाताचं स्वतःचं वजन सोडून द्या. ५ किलो दिले तर वेग ३७ च्या आसपास येतो. १० किलोला १७. १५ किलोला जेमतेम ६. गंमत बघा, भार पाव झाला तेवढ्यातच वेग निम्म्याच्याही खाली आला. ही सरळ रेषा नाही, सुरुवातीलाच धपकन उतरणारा वक्र आहे.

हे का होतं? विहिरीतून दोराने पोहरा शेंदताना आपण काय करतो? दोर पकडतो, ओढतो, सोडतो, पुन्हा पुढे पकडतो. स्नायूच्या धाग्यांत मायोसिन नावाच्या प्रथिनाची असंख्य डोकी ॲक्टिनच्या धाग्यावर हेच करत असतात. कल्पना करा, एकाच दोरावर शेकडो हात आहेत. दोर हळू सरकत असेल तर बहुतेकांना नीट पकड घ्यायला वेळ मिळतो, एका क्षणी पुष्कळ हात ओढत असतात, आणि जोर भरपूर मिळतो. दोर सुळकन पळायला लागला, की बऱ्याच हातांना पकड मिळायच्या आतच तो पुढे जातो. ज्यांची पकड वेळेत सुटत नाही, ते तर उलटे ब्रेकसारखे मागे ओढतात. जोर घटला!

म्हणून जड भार आला की वेग आपोआप पडतो. तो भार पेलण्याइतकी डोकी चिकटलेली राहतील, इतक्या वेगावर गाडी स्थिरावते. जिममध्ये कुणी ‘जड उचल आणि फास्ट उचल’ म्हणून ओरडत असेल, तर फास्टचा प्रयत्न जरूर करा, पण वजन हळूच जाणार. तो आळस नाही.

मग सगळ्यात जास्त पॉवर कुठे मिळते? पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग. रिकाम्या हाताला जोर शून्य, २० किलोला वेग शून्य, म्हणजे दोन्ही टोकांना पॉवर शून्य. आपल्या उदाहरणात शिखर ६ किलोच्या आसपास येतं, म्हणजे कमाल भाराच्या एक तृतीयांशाच्या जरा खाली. १५ किलोला पॉवर त्याच्या साधारण निम्मीच. सायकलचे गिअर इथेच कामाला येतात. घाट चढताना हलका गिअर टाकला की प्रत्येक पेडलला जोर कमी लागतो, पाय भराभर फिरतात, आणि स्नायू त्या शिखराच्या जवळ राहतो. बिनगिअरच्या सायकलवर तो वक्राच्या जड, मंद टोकाला अडकतो.

घरी बघायचं असेल तर फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ पुरे. तीन वेगवेगळी वजनं, प्रत्येक वेळी पूर्ण वेगाचा प्रयत्न, आणि हात सरळ असल्यापासून दुमडेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. आकडे सूत्राशी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण हलकं वजन शेवटी थांबवावंही लागतं आणि सांध्याचा कोनही बदलत असतो. आणि व्हिडिओत पाठ झुलताना दिसली, तर ती मोजणी बाद! तो जोर दंडाचा नाही, कमरेचा आहे.

तीन वजनांच्या फ्रेम किती आल्या, ते कमेंटमध्ये नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!