चालीवरून गाण्याचा माग
शब्द, गायक, चित्रपट यांपैकी काहीच स्मरत नसून केवळ चाल ओठांवर घोळत असेल, तर डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली आपल्या स्वरसूचीसाठी योजलेली युक्ती उपयोगी पडते. पहिल्या स्वरानंतरचा प्रत्येक स्वर मागल्यापेक्षा चढला, उतरला की तसाच राहिला, एवढेच क्रमवार टिपावे. म्हणजे 'सा रे ग ग रे' याची नोंद 'चढ, चढ, सम, उतार' अशी होते आणि गुणगुणणाऱ्याची पट्टी निराळी असली तरी ही नोंद बदलत नाही. पंधरा-सोळा स्वरांची अशी नोंद सूचीशी ताडली असता बहुधा मोजक्याच रचना उरतात. माणदेशातील जात्यावरच्या ओव्यांपाशी मात्र ही युक्ती थबकते, कारण तेथे एकाच चालीवर असंख्य ओव्या गाइल्या जातात. चाल ओळखली तरी नेमकी ओवी सापडण्यास एखादा शब्द आठवावाच लागतो.