तानापिहिनिपाजा : तांबडा वरच का?



इंद्रधनुष्याचे रंग विचारले, तर हे सगळं सभागृह आत्ता एका सुरात 'तानापिहिनिपाजा' म्हणेल. क्रम आपल्याला पाठ आहे. तो तसाच का, हे त्या सात अक्षरांत नाही. मला मिळालेली पाच मिनिटं त्यासाठीच घेतो.

पावसाचा एक थेंब डोळ्यांसमोर आणा. सूर्यकिरण त्यात शिरताना वाकतो, आतल्या मागच्या बाजूवरून परत फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. लोलकातल्यासारखाच इथेही तांबडा सर्वांत कमी वाकतो, जांभळा सर्वांत जास्त. त्यामुळे रंग सुटे होतात. किरण बाहेर पडतात अनेक कोनांतून, पण तांबड्याची दाटी 42 अंशांच्या आसपास होते आणि जांभळ्याची 40 अंशांच्या आसपास. हे कोन मोजायचे आपल्या डोक्याच्या सावलीपासून. म्हणून इंद्रधनुष्य बघताना सूर्य नेहमी पाठीशी असतो.

आता खरी गंमत. थेंबातून निघताना तांबडा किरण जास्त खाली झुकलेला असतो आणि जांभळा त्याच्या वर असतो. मग आकाशात तांबडा वर कसा दिसतो? कारण एकाच थेंबाचे सगळे रंग आपल्या डोळ्यांत येत नाहीत. उंचावरच्या थेंबाचा तांबडा किरण खाली झुकून आपल्या डोळ्यांत येतो, त्याचा जांभळा डोक्यावरून निघून जातो. त्याहून खालच्या थेंबाचा जांभळा डोळ्यांत येतो आणि तांबडा पायांशी पडतो. मधले थेंब मधले रंग पाठवतात. एक थेंब, एक रंग! शेजारी उभ्या असलेल्या मित्राला दिसणारं धनुष्यसुद्धा वेगळ्या थेंबांचं असतं.

संध्याकाळी सूर्य पश्चिमेला 20 अंशांवर आहे असं समजा. आपल्या डोक्याची सावली पूर्वेच्या क्षितिजाखाली तेवढीच, म्हणजे 20 अंश असते. 42 मधून 20 गेले, की कमानीचा माथा क्षितिजावर 22 अंशांवर येतो. हात ताठ पसरून वीत उघडली, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण 20 अंश भरतात. म्हणजे कमान जेमतेम एक वीत उंच. सूर्य 42 अंशांच्या वर गेला, की सगळी कमान क्षितिजाखाली जाते. म्हणूनच भर दुपारी ऊन-पाऊस एकत्र आले तरी आकाशात धनुष्य दिसत नाही.

क्रम मात्र एका ठिकाणी उलटतो. कधी मुख्य कमानीबाहेर दुसरी फिकट कमान दिसते. तिच्यात प्रकाश थेंबाच्या आत दोनदा परततो, त्यामुळे तांबडा आतल्या बाजूला येतो आणि जांभळा बाहेर जातो. दोन्ही कमानींमधलं आकाश जरा काळपट दिसतं, कारण तिथल्या थेंबांचा असा परतलेला प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही.

येत्या पावसाळ्यात दुहेरी कमान दिसली, तर बाहेरची वरून खाली 'जापानिहिपिनाता' अशी वाचून बघा.