घसादुखी, जस्ताची गोळी आणि क जीवनसत्त्व

सर्दीवर दिली जाणारी जस्ताची गोळी, म्हणजेच झिंक लॉझेंज, गिळायची नसून ती तोंडात वीस-तीस मिनिटे हळूहळू विरघळू द्यायची असते, कारण तिच्यातून सुटणारे जस्ताचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, घशाच्या अस्तरापर्यंत पोहोचावेत, हीच तिच्यामागची कल्पना आहे. मात्र चवीसाठी गोळीत सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातील आंबट द्रव्य, मिसळले, तर ते जस्ताला बांधून ठेवते आणि मोकळे आयन फारसे उरत नाहीत. काही चाचण्या निष्फळ ठरण्यामागे हेच कारण असावे, असे काही संशोधक मानतात.

दिवसाला सुमारे 80 ते 92 मिलिग्रॅम जस्त देणाऱ्या, झिंक अॅसिटेटच्या तीन चाचण्यांचे 2015 मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा घसादुखीचा काळ सरासरी 18 टक्क्यांनी घटल्याचे दिसले, म्हणजे पाच दिवस टिकणारे दुखणे सुमारे चार दिवसांत ओसरले. तथापि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत असा लाभ आढळला नाही. शिवाय मळमळ आणि तोंडाची बिघडलेली चव हे या गोळीचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत.

क जीवनसत्त्व रोज घेणाऱ्या प्रौढांमध्ये सर्दीचा काळ सुमारे 8 टक्क्यांनी कमी होतो. परंतु घसा दुखू लागल्यावर ते सुरू केल्यास चाचण्यांत सातत्यपूर्ण परिणाम दिसलेला नाही.