१२५१ वरून न हलणारा रेडिओ

आकडे दाखवणाऱ्या रेडिओवर सांगली केंद्राचे १२५१ किलोहर्ट्झ लावले की ते सरकत नाही. संचातला ऑसिलेटर तापला की हलू पाहतो. मग त्याला जागेवर धरतो कोण?

अशा अनेक संचांत ऑसिलेटर केंद्राच्या ४५० किलोहर्ट्झ वर, म्हणजे १७०१ वर चालतो. त्याला १८९ ने भागले की ९ किलोहर्ट्झ येतात. दुसरीकडे क्वार्ट्झच्या स्फटिकापासून पक्के ९ किलोहर्ट्झ मिळतात. फेज डिटेक्टर यांतली कुठली लाट मागे पडली एवढेच पाहतो आणि फरकाच्या मानाने विजेचे ठोके देतो. लूप फिल्टर त्या ठोक्यांचे संथ व्होल्टेज बनवतो आणि ते ऑसिलेटरला ओढून आणते. फिल्टर फार चपळ असला तर ठोक्यांची शिटी आवाजात मिसळते. फार सुस्त असला तर केंद्र लागायला वेळ लागतो.

भागणारा आकडा पूर्णच असल्याने संच नऊ-नऊच्या पायऱ्यांनी चालतो, आणि १२५१ ला नऊने नेमका भाग जातो. अमेरिकेत पायरी दहाची. तिकडून पाहुण्याने आणलेला संच म्हणूनच १२५० वर थांबतो आणि सांगलीचा आवाज किंचित चिरका येतो. संचामागे ९-१० ची कळ असेल, तर ती ९ वर करावी.