वीस उत्तरांत एक माणूस



आजच्या बोलण्यापुरत्या एक काकू कल्पनेनं उभ्या करू. त्या ग्वाल्हेरला, थाटीपूरच्या दर्पण कॉलनीत राहतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, त्यामुळे फोनची आणि ब्राउझरची भाषाही त्यांनी मराठीच ठेवली आहे. सकाळी त्या मराठी बातम्या वाचतात, दुपारी एका दुकानाच्या साइटवर कुकर बघतात, आणि रात्री गुडघेदुखीवर काहीतरी वाचतात. कुठंही नाव दिलेलं नाही, नंबर दिलेला नाही, लॉगिन केलेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या शेजारी कुकर दिसतो आणि त्याच्या खाली गुडघ्याचा पट्टा. हे होतं कसं?

याची एक जुनी रीत आहे आणि एक नवी. जुनी म्हणजे कुकी. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली या तंत्रज्ञानं ती तयार केली. साइटला आधी काहीच लक्षात राहत नसे. तुम्ही टोपलीत वस्तू टाकून पुढच्या पानावर गेलात की साइटच्या लेखी तुम्ही नवे गिऱ्हाईक. म्हणून साइटनं तुमच्या ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायला द्यायची आणि पुढच्या वेळी ब्राउझरनं ती परत दाखवायची, अशी सोय झाली. नियम सरळ होता: ज्यानं नोंद ठेवली, त्यालाच ती वाचता येईल.

हा नियम आजही कुणी मोडत नाही, आणि गंमत तिथंच आहे. काकूंनी उघडलेलं बातम्यांचं पान एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येतो, पण जाहिरातीचा चौकोन एखाद्या जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. तो चौकोन मागवताना काकूंचा ब्राउझर त्या कंपनीशीही बोलतो, आणि ती कंपनी आपली कुकी ठेवून घेते. तिच्यात नाव नसतं, एक लांबलचक क्रमांक असतो. दुपारी कुकरच्या दुकानात त्याच कंपनीचा चौकोन असतो. ब्राउझर इमानदारीनं तोच क्रमांक दाखवतो आणि आपण कुठल्या साइटवरून बोलतो आहोत हेही सांगतो. रात्री गुडघेदुखीच्या पानावर पुन्हा तेच. कधी कधी चौकोनसुद्धा नसतो, डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र असतं. कंपनीनं फक्त आपलीच कुकी वाचली, पण तीन वेगवेगळ्या घरांत बसून वाचली. वाचणारा आणि वृत्तपत्र यांच्यामधला हा तिसरा, म्हणून ही थर्ड-पार्टी कुकी.

हा धोका तेव्हाच लक्षात आला होता. १९९७ साली कुकींचं पहिलं अधिकृत मानक ठरलं, तेव्हाच त्यात ब्राउझरनं आपणहून अशा परक्या कुकी घेऊ नयेत असं म्हटलेलं होतं. मोठ्या ब्राउझरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. ॲपलच्या सफारीनं २०२० साली त्या पूर्णपणे बंद केल्या. फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी कुकींचा वेगळा कप्पा केला, म्हणजे बातम्यांच्या पानावरचा क्रमांक कुकरच्या दुकानात दिसत नाही. गुगलनं २०२० मध्ये दोन वर्षांत त्या क्रोममधून काढू असं जाहीर केलं, मुदत वारंवार पुढं ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. म्हणून क्रोम वापरणाऱ्यानं सेटिंगच्या गोपनीयता विभागात जाऊन `Third-party cookies` स्वतः बंद कराव्या लागतात.

काकूंनी त्या बंद केल्या, असं धरू. आता नवी रीत पाहू, ती म्हणजे फिंगरप्रिंटिंग. कुकी तुमच्यावर खूण करते. ती पुसता येते. फिंगरप्रिंटिंगमध्ये खूण करावीच लागत नाही, तुमच्या यंत्रावर मुळात असलेल्या खुणा वाचल्या जातात. पानाबरोबर आलेली एक छोटी स्क्रिप्ट ब्राउझरला प्रश्न विचारते: पडदा किती रुंद, भाषा कुठली, घड्याळ कुठल्या प्रदेशाचं, कुठले फाँट आहेत? एक प्रश्न तर फार चतुर आहे. स्क्रिप्ट ब्राउझरला न दिसणारं चित्र काढायला सांगते, थोडी अक्षरं, थोडे रंग, आणि त्याचे ठिपके वाचून घेते. सूचना सगळ्यांना सारखीच असली तरी चित्राची चिप, तिचं सॉफ्टवेअर आणि अक्षरांच्या कडा मऊ करण्याची पद्धत निराळी असल्यामुळे ठिपके थोडे निराळे येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या मॉवरी आणि शाखम यांनी २०१२ साली हे दाखवून दिलं.

यातलं एकेक उत्तर क्षुल्लक आहे. ताकद आहे ती बेरजेत, आणि ती पाहायला ग्वाल्हेर अगदी सोयीचं आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती. आता साडेदहा लाखांचे निम्मे करा, त्याचे निम्मे, पुन्हा निम्मे. असं वीस वेळा केलं की एकच माणूस उरतो. म्हणजे अख्ख्या शहरातून एकाला वेगळं काढायला हो किंवा नाही अशी वीस उत्तरं पुरतात. मात्र ती गर्दीचे खरोखर दोन भाग करणारी हवीत. घड्याळ भारतीय वेळेचं आहे का, हा प्रश्न फ्रान्समधल्या साइटला खूप काही सांगतो, ग्वाल्हेरात मात्र काहीच सांगत नाही, कारण इथं सगळ्यांचं उत्तर एकच.

याउलट भाषेचं पाहा. काकूंचा ब्राउझर प्रत्येक पान मागताना साधारण अशी एक ओळ पाठवतो:

```
Accept-Language: mr-IN,mr;q=0.9,hi;q=0.8,en;q=0.7
```

अर्थ असा, की मला आधी मराठी द्या, ते नसेल तर हिंदी, नाहीतर इंग्रजी. ही ओळ पुण्यातून गेली तर तिथं तिला सोबत भरपूर. समजा पुण्यात आठांपैकी एका ब्राउझरची अशी सेटिंग आहे, तर पुण्याची गर्दी तीनदाच निम्मी होईल. ग्वाल्हेरसारख्या हिंदी शहरात ती पाचशेत एकाची असेल असं धरा. मग एकाच उत्तरात गर्दी नऊ वेळा निम्मी झाली, आणि साडेदहा लाखांतले उरले दोनेक हजार. काकूंच्या फोनचं मॉडेल साठांत एकाकडे असेल, तर आणखी सहा वेळा. उरले पस्तीसच्या आसपास. डोळ्यांना सोपं जावं म्हणून त्यांनी पडद्यावरचं सगळंच मोठं केलंय, त्यानं पानाला दिसणारी पडद्याची रुंदी बदलते. ही आठांत एकाची गोष्ट धरली, तर उरले चार. ब्राउझर बरेच दिवस अपडेट केलेला नाही, ही चारांत एकाची. नऊ, सहा, तीन आणि दोन, झाले वीस. उरल्या फक्त काकू.

हे प्रमाणाचे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, आणि खऱ्या हिशोबात दोन अडचणी येतात. एक, उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतात. फोनचं मॉडेल कळल्यावर पडद्याचा मूळ आकार नव्यानं काही सांगत नाही. तो दोनदा मोजला तर हिशोब फुगतो. दुसरं, गाव आयपी पत्त्यावरून ओळखतात, आणि ते नेहमी बरोबर कळतंच असं नाही. मोबाइल नेटवर्कवर असंख्य गिऱ्हाइकं एकच आयपी पत्ता वापरतात, आणि ग्वाल्हेरचा माणूस भोपाळचा किंवा दिल्लीचा दिसू शकतो.

प्रत्यक्ष मोजणीतही गर्दीप्रमाणे आकडा बदललेला दिसला. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली यांनी २०१० साली सुमारे चार लाख सत्तर हजार ब्राउझर तपासले, त्यांतले ८३.६ टक्के एकमेव निघाले. पण तिथं आले होते ते या विषयाची उत्सुकता असलेले लोक. २०१८ साली एका लोकप्रिय फ्रेंच साइटवरचे वीस लाखांहून अधिक नमुने अभ्यासले गेले, त्यांत एकमेव निघाले ३३.६ टक्के, आणि मोबाइलमध्ये तर १८.५ टक्केच. कारण उघड आहे: एका मॉडेलचे लाखो फोन हुबेहूब सारखे असतात, आणि घरचा कॉम्प्युटर मात्र प्रत्येकानं आपल्यासारखा करून घेतलेला असतो. मराठी छपाईची कामं घेणाऱ्याच्या विंडोज कॉम्प्युटरवर श्रीलिपीचे डझनभर फाँट असतात. एखाद्या फाँटमध्ये शब्द किती रुंद बसतो हे मोजून स्क्रिप्टला तो फाँट आहे की नाही हे कळतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात असे कॉम्प्युटर पुष्कळ. ग्वाल्हेरात असा माणूस त्या यादीवरूनच वेगळा पडेल.

तेव्हा या पद्धतीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. जो चारचौघांसारखा आहे तो गर्दीत लपतो. परमुलखात आपली भाषा जपणारा, अक्षर मोठं करून वाचणारा, जुना फोन चालवणारा उघडा पडतो. आणि स्क्रिप्टला नाव माहीत नसलं तरी बिघडत नाही. काकूंनी एखाद्या दिवशी कुठं फोन नंबर दिला आणि ती माहिती त्या कंपनीपर्यंत गेली, की मागची सगळी वाचनाची नोंद त्या नंबराला जोडता येते.

फिंगरप्रिंटिंग सध्या वाढण्याचीच लक्षणं आहेत. आपल्या जाहिरात सेवांमध्ये असं करण्याला गुगलची बंदी होती. ती १६ फेब्रुवारी २०२५ पासून सैल होणार असं जाहीर झालं, तेव्हा ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयानं या निर्णयाला बेजबाबदार म्हटलं.

मग करायचं काय? इन्कॉग्निटो खिडकी इथं फारशी कामाची नाही. ती बंद केल्यावर कुकी जातात. फोन, पडदा आणि भाषा तीच राहते. दहा निरनिराळी एक्स्टेन्शन घालणं तर उलटं पडतं, कारण ती दहा नेमकी तशीच आणखी कुणाकडे असणार? आपण किती वेगळे दिसतो हे पाहायला इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचीच Cover Your Tracks ही साइट आहे. पण तिची तुलना तिच्याकडे आलेल्या लोकांशी असते, ग्वाल्हेरकरांशी नव्हे, हे ध्यानात ठेवून तिचं उत्तर वाचावं.

जास्त उपयोगी पडतं ते स्क्रिप्टला येऊच न देणं. असल्या बहुतेक स्क्रिप्ट परक्या सर्व्हरवरूनच येतात, आणि फायरफॉक्स, ब्रेव्ह यांसारखे ब्राउझर अशा ज्ञात सर्व्हरांची यादी बाळगून त्यांना वाटेतच अडवतात. जी आलीच नाही ती प्रश्न काय विचारणार? ब्राउझर अपडेट ठेवला की एक खूण कमी होते. आणि आजाराबद्दल किंवा कर्जाबद्दल काही गुप्तपणे वाचायचं असेल, तर टोर ब्राउझर आहे. तो सगळ्यांना मुद्दाम एकसारखं दाखवतो: घड्याळ जागतिक वेळेचं, खिडकीचे आकार ठरावीक, भाषेची ओळ इंग्रजीची. थोडा हळू चालतो, पण तेवढ्या कामापुरता चालतो.

शेवटचा प्रश्न राहतो तो काकूंच्या मराठी सेटिंगचा. हिशोबानं पाहिलं तर ती काढून इंग्रजी केल्यास त्या जवळजवळ निम्म्या सुटतील. मी मात्र तो सल्ला देणार नाही. पान मराठीत हवं हे वृत्तपत्राला कळलं पाहिजे. त्याच पानातल्या जाहिरातीच्या चौकोनाला कळायचं कारण नाही. कुणाला काय सांगायचं हे ब्राउझर बनवणाऱ्यांच्या हातात आहे. सफारी आवडीच्या भाषांची सगळी यादी न पाठवता एकच भाषा पाठवतो, म्हणजे इथं हात आखडता घेता येतो हे सिद्ध झालेलं आहे. जे ब्राउझर अजून तसं करत नाहीत त्यांच्याकडून तेवढंच मागायचं, आणि ते मिळेपर्यंत सेटिंगमध्ये मराठी ठेवून परक्या कुकी आणि परक्या स्क्रिप्ट तेवढ्या बंद करायच्या.