वऱ्हाडचा कापूस आणि छायाचित्रांची बाजारपेठ

दिवाळीच्या सुमारास दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यात कापसाची वेचणी ऐन भरात असते. दव ओसरले, की कमरेला फडके बांधलेल्या बाया ओळीने शेतात उतरतात. हे दृश्य हौसेने टिपणाऱ्याला ते चित्र शटरस्टॉक, अडोबी स्टॉक यांसारख्या छायाचित्र-संग्रहांच्या संकेतस्थळांवर पाठविता येते. तेथून ते जगभरच्या ग्राहकांपर्यंत पोहोचते.

या व्यवहारात चित्राची मालकी विकली जात नाही, केवळ वापराचा परवाना विकला जातो. बहुधा तो रॉयल्टी-फ्री या प्रकारचा असतो. हे नाव फसवे आहे. चित्र फुकट मिळते, असा त्याचा अर्थ नव्हे. ग्राहक एकदा शुल्क भरतो आणि ठरलेल्या मर्यादेत चित्र पुनःपुन्हा वापरतो. तेच चित्र उद्या दुसऱ्यासही विकता येते. शुल्कातील वाटा अडोबी स्टॉककडे छायाचित्रास ३३ टक्के आहे. शटरस्टॉकने २०२० पासून तो वर्षभरातील विक्रीनुसार १५ ते ४० टक्के असा ठेवला आहे. वर्गणीदार ग्राहकाने चित्र घेतल्यास कित्येकदा काही सेंटच हाती येतात. म्हणून एकच चित्र अनेकांच्या उपयोगी पडले पाहिजे. सूर्यास्ताची चित्रे तेथे ढिगाने पडून आहेत. पीकविम्यावरील लेखाला किंवा कापडगिरणीच्या अहवालाला लागते ते वेगळेच: बोंडातून कापूस काढणारा हात, जिनिंगच्या फाटकाशी उभी भरलेली गाडी, आणि मजकुरासाठी एका बाजूस मोकळी जागा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका शिक्षकाने अकोट तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाईचे चित्र काढले. तिचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि पाठीशी खताची रिकामी पिशवी आहे. चित्र देखणे असूनही ते परत येते. कारण असे, की जाहिरातीच्या वापरासाठी ओळखू येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे संमतिपत्र, म्हणजे मॉडेल रिलीज, जोडावे लागते. त्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख, सही आणि साक्षीदाराची सही असते. अल्पवयीन मुलासाठी पालकाने सही करावयाची असते. चेहरा वळवून घेतला तरी सुटका होतेच असे नाही, कारण हातावरच्या गोंदणावरूनही माणूस ओळखू येतो. पिशवीवरील कंपनीचे नाव व बोधचिन्ह हे नाकारण्याचे दुसरे कारण होय. पिशवी उचलून बाजूला ठेवली असती, तर अर्धे काम तेथेच झाले असते.

या कागदाकडे केवळ सोपस्कार म्हणून पाहू नये. सही झाल्यावर त्या बाईचे चित्र कीटकनाशकाच्या किंवा बँकेच्या जाहिरातीत झळकू शकते, आणि नंतर तिला सहसा हरकत घेता येत नाही. बदनामीकारक वापराला परवान्यात मनाई असते, एवढेच. म्हणून मजकूर मराठीत वाचून दाखवावा, चित्र कोठे कोठे वापरले जाईल ते सांगावे आणि तिने नको म्हटल्यास आग्रह धरू नये. दिवसाच्या मजुरीवर आलेल्या बाईला शेतमालकासमोर नाही म्हणणे जड जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

संमतिपत्र नसल्यास शटरस्टॉकसारख्या ठिकाणी ते चित्र संपादकीय, म्हणजे एडिटोरियल, वर्गात देता येते. तेथे ते बातमी वा लेखासोबतच वापरले जाते, जाहिरातीत नाही. त्याखाली गाव, देश, तारीख व घडले तेवढेच सांगणारे वाक्य इंग्रजीत लिहावे लागते. अडोबी स्टॉकच्या संपादकीय वर्गात मात्र ओळखू येणारी माणसे चालत नाहीत.

बाकीची कारणे तांत्रिक आहेत. दुपारच्या उन्हात पांढरा कापूस इतका उजळतो, की तंतूंचा पोत नाहीसा होऊन नुसता पांढरा डाग उरतो. सकाळी लवकर आणि उजेड किंचित कमी ठेवून चित्र घेतल्यास हा दोष टळतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्र धारदार दिसते, पण संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर फोकस हातावर नसून मागच्या झाडावर गेलेला आढळतो. परीक्षकही असेच मोठे करून पाहतात. एकाच बाईची चाळीस जवळपास सारखी चित्रे पाठविली, तर तीही सारखेपणाच्या कारणाने परत येतात. त्यांतली दोन-तीनच निवडावीत.

कर्मचाऱ्यांनी आणखी एक पाहावे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, शासकीय कामाचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क शासनाचा असतो. पंचनाम्यासाठी कार्यालयाच्या कॅमेऱ्याने टिपलेले शेत स्वतःच्या नावाने विकता येत नाही. सुटीच्या दिवशी स्वतःसाठी काढलेल्या चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो. मात्र त्यावर पैसे मिळवण्यापूर्वी सेवानियमांनुसार परवानगी लागते काय, हे आपल्या कार्यालयात विचारून घ्यावे.